'वर्क हार्ड' म्हणायचं होतं, 'वर्क हार्डली' झालं: इंग्रजीतली विशेषणं आणि क्रियाविशेषणं ओळखायची रीत

'आमचे कामगार खूप मेहनत करतात' हे वाक्य इंग्रजीत सांगायची वेळ सोलापुरात बऱ्याच जणांवर येते. कुणाला टॉवेलच्या ऑर्डरसाठी परदेशी गिऱ्हाइकाला मेल लिहायचा असतो, कुणी पुण्याच्या कंपनीत मुलाखतीला निघालेला असतो. अशा वेळी 'अवर वर्कर्स वर्क हार्डली' असं वाक्य सहज लिहिलं जातं. वाचणाऱ्याला त्यातून कळतं ते असं, की आमचे कामगार जवळजवळ कामच करत नाहीत.

लिहिणाऱ्याला शब्द माहीत असतात. शाळेत शिकलेला एक नियम त्याला दगा देतो: विशेषणाच्या शेवटी एल-वाय लावलं की क्रियाविशेषण होतं. 'स्लो'चं 'स्लोली', 'क्विक'चं 'क्विकली', मग 'हार्ड'चं 'हार्डली' का नाही? नियम अर्धा खरा आहे आणि उरलेला अर्धा नेमका रोजच्या शब्दांत फसवतो. म्हणून शब्दाच्या शेपटाकडे बघण्याआधी त्याचं वाक्यातलं काम बघायची सवय लावायला हवी. ती कशी लावायची, ते पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी: 'कसं?' विचारू नका, 'कोणाबद्दल?' विचारा

'कसं या प्रश्नाचं उत्तर म्हणजे क्रियाविशेषण' असं आपल्याला शिकवलेलं असतं. मराठीतून इंग्रजीकडे येणाऱ्याचा पाय सगळ्यात आधी इथेच घसरतो. 'चादर कशी आहे?' याचंही उत्तर 'चांगली', आणि 'ती कशी गाते?' याचंही उत्तर 'चांगली'. मराठीत शब्द तोच राहतो, उलट लिंगाप्रमाणे बदलतोही: तो चांगला गातो, ती चांगली गाते. इंग्रजी मात्र इथे दोन वेगळे शब्द मागते. चादरीसाठी 'गुड', गाण्यासाठी 'वेल'.

म्हणून प्रश्न बदला. हा शब्द कोणाबद्दल सांगतोय? वस्तू, माणूस, जागा, म्हणजे नामाबद्दल सांगत असेल तर ते विशेषण. क्रिया कशी घडते, कधी घडते, किती घडते हे सांगत असेल तर ते क्रियाविशेषण. 'धिस इज अ गुड चादर' इथे चादर चांगली. 'शी सिंग्ज वेल' इथे गाण्याची क्रिया चांगली. (क्रियाविशेषण दुसऱ्या विशेषणाचीही मात्रा सांगतं, जसं 'व्हेरी गुड'मधलं 'व्हेरी'. पण तिथे फारसं कुणी चुकत नाही, म्हणून ते इथे सोडून देऊ.)

एक वाक्य थोडं जवळून बघण्यासारखं आहे: 'ती चांगलं इंग्रजी बोलते.' मराठीत यात 'चांगलं' इंग्रजीला जोडलंय की बोलण्याला, हे ठरवायची गरजच पडत नाही. इंग्रजीत ठरवावं लागतं, आणि दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. 'शी स्पीक्स गुड इंग्लिश' म्हणजे इंग्रजी चांगलं, ते नाम आहे, म्हणून 'गुड'. 'शी स्पीक्स इंग्लिश वेल' म्हणजे बोलणं चांगलं, म्हणून 'वेल'. जागाही बदलली, ती लक्षात घ्या. 'गुड' नामाच्या आधी बसला, 'वेल' वाक्याच्या शेवटी गेला. 'शी स्पीक्स वेल इंग्लिश' हे चूक, कारण इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये 'वेल' घुसवत नाहीत. आधी क्रियापद, मग कर्म, मग 'वेल'. आपण मराठी वाक्याच्या क्रमाने शब्द मांडतो म्हणून हे होतं. 'शी स्पीक्स इंग्लिश गुड' हे बोलताना कानावर पडतं, पण मेलमध्ये आणि मुलाखतीत ते चूकच धरलं जातं.

दुसरी पायरी: क्रियापद खरंच काही करतंय का?

पहिली पायरी जमली की लोक नव्या चुकीत पडतात. क्रियापद दिसलं रे दिसलं की त्याच्यामागे 'वेल' लावतात: 'धिस चटणी टेस्ट्स वेल.' शेंगाची चटणी काही चाखत नाही. चाखणारे आपण. चटणी नुसती चांगली लागते. 'चांगली' हा शब्द चटणीबद्दल, म्हणजे नामाबद्दल आहे, म्हणून 'धिस चटणी टेस्ट्स गुड'.

अशा क्रियापदांची जोडणारी क्रियापदं म्हणून एक यादी असते: बी, सीम, बिकम, लुक, फील, साउंड, स्मेल, टेस्ट. यादी पाठ करायला हरकत नाही, पण तिच्यातली काही क्रियापदं दोन्ही कामं करतात, त्यामुळे नुसत्या पाठांतराने भागत नाही. इथे मराठी आपल्याला मदत करते, आणि ती मदत घ्यायलाच हवी. इंग्रजीत 'टेस्ट' हा एकच शब्द 'लागणे' आणि 'चाखणे' या दोन्हींसाठी येतो. 'लुक' म्हणजे 'दिसणे'सुद्धा आणि 'बघणे'सुद्धा. 'स्मेल' म्हणजे 'वास येणे'सुद्धा आणि 'वास घेणे'सुद्धा. 'फील' म्हणजे 'वाटणे' किंवा 'हाताला लागणे', आणि 'चाचपून बघणे'ही. मराठीत या जोड्या आधीच वेगळ्या केलेल्या आहेत. तेव्हा वाक्य मनात मराठीत म्हणा. दिसणे, लागणे, वाटणे, वास येणे असं काही आलं तर पुढे विशेषण. बघणे, चाखणे, वास घेणे, चाचपणे आलं तर पुढे क्रियाविशेषण.

टॉवेलच्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. 'द टॉवेल फील्स सॉफ्ट': टॉवेल हाताला मऊ लागतो, म्हणून विशेषण. 'द बायर फेल्ट द टॉवेल केअरफुली': गिऱ्हाइकाने टॉवेल नीट चाचपून पाहिला, म्हणून क्रियाविशेषण. दोन्हीकडे क्रियापद 'फील'च आहे. 'द टॉवेल फील्स सॉफ्टली' लिहिलं तर टॉवेलच कुणाला तरी हळुवार चाचपतोय असा विचित्र अर्थ होतो.

खात्री करायची दुसरी युक्ती अशी: क्रियापदाच्या जागी 'इज' घालून बघा. 'द टॉवेल इज सॉफ्ट' बरोबर बसलं, म्हणजे तिथे विशेषणच हवं. 'द बायर इज द टॉवेल केअरफुली' बसत नाही, म्हणजे तिथे क्रियाविशेषणच हवं. शंका आली की मराठीची आणि 'इज'ची, दोन्ही कसोट्या लावा. दोन्हींचं उत्तर जुळलं की पुढे जा.

'वेल' हे विशेषणही आहे, पण मुख्यतः एकाच अर्थाने

'गुड विशेषण, वेल क्रियाविशेषण' या घोटून पाठ केलेल्या नियमाला एक अपवाद आहे आणि तो रोज लागतो. प्रकृतीबद्दल बोलताना 'वेल' हे विशेषण होतं, अर्थ 'बरा' किंवा 'धडधाकट'. 'आय ॲम नॉट वेल' म्हणजे मला बरं नाही. म्हणून 'शी लुक्स वेल' हे वाक्यही बरोबर आहे, फक्त त्याचा अर्थ 'तिची तब्येत चांगली दिसते' असा आहे. 'शी लुक्स गुड' म्हणजे ती छान दिसते. आजारातून उठलेल्या माणसाला पहिलं म्हणायचं, लग्नाला नटून आलेल्याला दुसरं. टॉवेलला, रंगाला, चटणीला तब्येत नसते. त्यामुळे निर्जीव वस्तूंच्या बाबतीत 'लुक्स', 'टेस्ट्स', 'स्मेल्स' यांच्यामागे 'गुड'च येणार.

'हाउ आर यू?'ला उत्तर म्हणून 'आय ॲम गुड' हल्ली सर्रास ऐकू येतं, विशेषतः अमेरिकन माणसांकडून. बोलण्यात ते चालतं. मुलाखतीत 'आय ॲम वेल' किंवा 'आय ॲम फाइन' म्हणावं, त्यावर कुणी बोट ठेवणार नाही. 'डू गुड' मात्र अगदी वेगळं प्रकरण आहे. त्यात 'गुड' हे नाम असून त्याचा अर्थ 'लोकांचं भलं'. परीक्षा चांगली गेली हे सांगायला 'आय डिड वेल'च म्हणायचं.

'गुड-लुकिंग' आणि 'वेल-ड्रेस्ड' हे दोन शब्द ऐकलेले असतात, पण एकात 'गुड' आणि दुसऱ्यात 'वेल' का, हा प्रश्न पडत नाही. आता उत्तर सापडेल. 'लुक' म्हणजे इथे दिसणं, म्हणून 'गुड'. 'ड्रेस' ही केलेली क्रिया आहे, म्हणून 'वेल'. याच न्यायाने नीट विणलेल्या टॉवेलला 'वेल-मेड टॉवेल' म्हणतात.

तिसरी पायरी: फास्ट, हार्ड, लेट यांना शेपूट लावू नका

हे तीन शब्द विशेषण म्हणूनही तसेच राहतात आणि क्रियाविशेषण म्हणूनही. 'अ फास्ट ट्रेन' आणि 'द ट्रेन रन्स फास्ट'. 'हार्ड वर्क' आणि 'दे वर्क हार्ड'. 'अ लेट ट्रेन' आणि 'द ट्रेन केम लेट'.

असं का, हे कळलं की विसर पडत नाही. जुन्या इंग्रजीत बऱ्याच विशेषणांना शेवटी एक 'ए' हा स्वर जोडून क्रियाविशेषण करत. 'हार्ड'च्या जुन्या रूपाला तो स्वर लागला की 'कष्टाने' असा अर्थ होई. पुढे शब्दांच्या शेवटचा हा स्वर बोलण्यातून गळून पडला आणि दोन्ही रूपं एकसारखी झाली. नवं क्रियाविशेषण करायला मग भाषेने एल-वायवर भर दिला, पण हे रोजच्या वापरातले शब्द आपल्या जुन्या रूपात टिकून राहिले.

आता प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करू, कारण तिघांना शेपूट लावल्यावर तीन वेगळ्या गोष्टी घडतात.

'फास्टली' असा शब्द आजच्या इंग्रजीत नाही. लिहिलात तर अर्थ समजेल, पण इंग्रजी कच्चं आहे हे लगेच दिसेल. एल-वायच लावायचं असेल तर 'क्विकली' किंवा 'रॅपिडली' वापरा.

'लेटली' असा शब्द आहे, पण त्याचा अर्थ 'अलीकडे' किंवा 'गेल्या काही दिवसांत'. 'हुतात्मा एक्सप्रेस आज उशिरा आली' यासाठी 'द हुतात्मा एक्सप्रेस केम लेट टुडे' म्हणायचं. 'केम लेटली' म्हटलं तर 'उशिरा' हा अर्थ पार निघून जातो. 'लेटली' बहुतेक वेळा 'हॅव' किंवा 'हॅज'च्या वाक्यात येतं: 'आय हॅव बीन बिझी लेटली'. 'लेट'बद्दल आणखी एक सावधगिरी. माणसाच्या नावाआधी 'द लेट' लावलं की अर्थ होतो 'कैलासवासी'. साहेब उशिरा येणार असतील तर 'द मॅनेजर इज लेट' म्हणा. 'द लेट मॅनेजर' म्हणू नका.

सगळ्यात घातक 'हार्डली'. त्याचा अर्थ 'जवळजवळ नाहीच'. तो कष्टाबद्दल काहीच सांगत नाही. 'आय हार्डली स्लेप्ट' म्हणजे मला झोप जवळजवळ लागलीच नाही. त्याची जागाही ठरलेली आहे: मुख्य क्रियापदाच्या आधी, आणि 'कॅन', 'हॅव', 'आर' असं काही असेल तर त्याच्या नंतर. 'आय कॅन हार्डली हिअर यू.' लूमच्या खडखडाटात फोन आला तर हेच वाक्य लागेल. 'हार्डली'मध्ये नकार आधीच भरलेला असतो, म्हणून त्याच्यासोबत दुसरा 'नॉट' किंवा 'नो' घालायचा नाही. मराठीत आपण 'जवळजवळ काहीच ऐकू येत नाही' म्हणतो. त्यातला 'नाही' इंग्रजीत ओढून नेला की 'आय कान्ट हार्डली हिअर यू' असं चुकीचं वाक्य तयार होतं. 'दुकानात फारसं गिऱ्हाईक नाही'साठी 'देअर आर हार्डली एनी कस्टमर्स'. 'एनी' हवं, 'नो' नको.

तुलना करतानाही हे तीन शब्द आपल्याच चालीने जातात: फास्टर, हार्डर, लेटर. 'मोअर फास्ट' होत नाही. 'गुड' आणि 'वेल' या दोघांचंही तुलनेचं रूप 'बेटर'च, त्यामुळे तिथे निवड करावीच लागत नाही.

चौथी पायरी: एल-वाय दिसलं तर ते सोलून बघा

आता उलट बाजू. शेवटी एल-वाय आहे म्हणून शब्द क्रियाविशेषणच असेल असं नाही. फ्रेंडली, लव्हली, कॉस्टली, लोन्ली, एल्डर्ली, अग्ली, सिली ही सगळी विशेषणं आहेत. याचंही मूळ जुन्या इंग्रजीतच आहे. तिथे दोन प्रत्यय होते, उच्चाराने जवळजवळ सारखे. एक 'च्यासारखा' अशा अर्थाने विशेषण करायचा, दुसरा क्रियाविशेषण. काळाच्या ओघात दोन्ही झिजून एकच 'ली' उरला.

म्हणून एल-वाय काढून उरलेला शब्द बघा. नाम उरलं तर बहुधा विशेषण: फ्रेंड, कॉस्ट, लव्ह. विशेषण उरलं तर बहुधा क्रियाविशेषण: स्लो, केअरफुल, सॉफ्ट. 'बहुधा' म्हणण्याचं कारण, 'डेड' हे विशेषण असून 'डेडली' हेही विशेषणच आहे, 'लोन्ली' तसंच. 'अग्ली' आणि 'सिली' सोलल्यावर तर हाती ओळखीचं काही उरतच नाही. ही कसोटी पहिल्या अंदाजासाठी ठेवा. शेवटचा निकाल शब्दकोशाचा. शब्दापुढे adj. लिहिलं असेल तर विशेषण, adv. असेल तर क्रियाविशेषण. 'अर्ली', 'डेली', 'वीकली' यांच्यापुढे दोन्ही दिसतील: 'वीकली पेमेंट' आणि 'वुई पे देम वीकली'.

मग 'तो प्रेमाने बोलला' यासाठी 'फ्रेंडली'चं क्रियाविशेषण कुठून आणायचं? 'फ्रेंडलिली' असं रूप कोशात सापडतं, पण कुणी बोलत नाही. सरळ 'ही स्पोक इन अ फ्रेंडली वे' म्हणा. 'इन अ... वे' या चौकटीत अशी बरीच विशेषणं बसतात.

एक मेल दुरुस्त करून पाहू

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेल कारखान्यातून गिऱ्हाइकाला मेल जातोय असं धरा. पहिला मसुदा असा:

'थँक यू फॉर युअर ऑर्डर. इट केम लेटली, बट अवर लूम्स रन फास्टली अँड अवर वर्कर्स वर्क हार्डली. वुई पॅक गुड एव्हरी पीस. द न्यू कलर लुक्स वेल. अवर स्टाफ विल टॉक टू यू फ्रेंडली.'

'केम लेटली'त ऑर्डर उशिरा आली असं सांगायचंय, म्हणून 'केम लेट'. गिऱ्हाइकाला ते बोचू नये म्हणून 'अ लिटल लेट'. 'रन फास्टली'तलं शेपूट काढा. 'वर्क हार्डली'तलंही काढा, कारण याच एका शब्दाने ऑर्डर हातची जाऊ शकते. 'पॅक गुड एव्हरी पीस'मध्ये दोन चुका आहेत. पॅक करणं ही क्रिया, म्हणून 'वेल' हवं, आणि ते कर्माच्या मागे हवं: 'पॅक एव्हरी पीस वेल'. रंग कुणाकडे बघत नाही, तो नुसता दिसतो, आणि रंगाला तब्येत नसते, म्हणून 'लुक्स गुड'. शेवटच्या वाक्यात 'इन अ फ्रेंडली वे' चालेल, पण ते जरा ओढूनताणून वाटतं. 'अवर स्टाफ इज फ्रेंडली' जास्त नैसर्गिक, आणि त्यात क्रियाविशेषणाची गरजच उरत नाही. शेपटाचा घोळ होईल असं वाटलं तर वाक्यच असं फिरवून घ्यायला काही हरकत नाही.

दुरुस्त मेल: 'थँक यू फॉर युअर ऑर्डर. इट केम अ लिटल लेट, बट अवर लूम्स रन फास्ट अँड अवर वर्कर्स वर्क हार्ड. वुई पॅक एव्हरी पीस वेल. द न्यू कलर लुक्स गुड. अवर स्टाफ इज फ्रेंडली.'

स्वतःचा मेल तपासताना संगणकावर Ctrl+F दाबून आधी `ly` शोधा. सापडलेला प्रत्येक शब्द सोलून बघा आणि तो कोणाबद्दल बोलतोय ते विचारा. या शोधात 'फॅमिली', 'रिप्लाय', 'सप्लाय', 'जुलै' हेही सापडतील. ती नामं किंवा क्रियापदं आहेत, ती सोडून द्या. त्यानंतर `good` आणि `well` शोधा, कारण तिथे शेपूटच नसल्याने पहिल्या शोधात ते निसटतात. प्रत्येक ठिकाणी आधीच्या क्रियापदाच्या जागी 'इज' घालून वाक्य म्हणून बघा, मगच पाठवा.